आंबा कॅनिंगचा कारखाना आणि कॉलेज: ओजेटी भागीदारीचा प्रस्ताव कसा द्यायचा, पात्रता, कागदपत्रे आणि जबाबदाऱ्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याचा पल्प काढणाऱ्या कारखान्यांना प्रयोगशाळेत काम करणारी शिकलेली मुले हवी असतात. तिथल्या कॉलेजांनाही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ऑन जॉब ट्रेनिंगसाठी, म्हणजे ओजेटीसाठी, जवळची जागा हवी असते. तरीही पुष्कळ प्रस्ताव कॉलेजच्या फाइलमध्येच राहतात, कारण "आम्ही विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊ इच्छितो" एवढ्या वाक्यावर प्राचार्यांना निर्णय घेता येत नाही. किती तास, कोण बघणार, अपघात झाला तर कोण जबाबदार, हे पत्रात असेल तरच विषय पुढे सरकतो. इथे रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे आठ विद्यार्थी घेऊ पाहणारा मध्यम आकाराचा पल्प कारखाना डोळ्यांसमोर ठेवून सगळी प्रक्रिया मांडली आहे.

आधी ठरवा: ओजेटी की अप्रेंटिसशिप

या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे कागद चुकतात. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्टला 4 क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला 30 तास धरले की 120 तास होतात. विद्यार्थी कॉलेजचाच राहतो आणि क्रेडिट विद्यापीठ देते. कंपनी तास आणि कामाची नोंद प्रमाणित करते.

अप्रेंटिसशिप 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. तिथे पोर्टलवर नोंदणी, करार आणि किमान विद्यावेतन बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार धरून 30 किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ओजेटीचे विद्यार्थी या संख्येत धरता येत नाहीत. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: "हा प्रस्ताव अभ्यासक्रमांतर्गत ओजेटीसाठी आहे, शिकाऊ उमेदवार भरतीसाठी नाही."

पात्रता

कंपनीकडे चालू अन्नसुरक्षा परवाना हवा आणि प्रयोगशाळेत पूर्णवेळ गुणवत्ता अधिकारी हवा. अधिकारी फक्त सीझनला येत असेल तर प्रस्ताव देऊ नका. विद्यार्थ्यांना शिकवणारा तोच असतो, आणि कारखान्यातल्या गडबडीत हे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. एका अधिकाऱ्यामागे प्रयोगशाळेत चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. म्हणून आठ जणांतले चार प्रयोगशाळेत आणि चार माल घेण्याच्या व डबे तपासण्याच्या ठिकाणी ठेवून आठ दिवसांनी अदलाबदल करावी.

विद्यार्थी त्या सत्राला प्रवेश घेतलेला असावा. उत्पादन विभागात पाऊल ठेवायचे असेल तर त्याला अन्न हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी लागते. अन्नसुरक्षा नियमांच्या शेड्यूल 4 नुसार नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. त्यात डोळे, त्वचा, संसर्गजन्य आजार यांची तपासणी आणि टायफॉइडची लस यांचा उल्लेख असतो. कामगारांना ते वर्षातून एकदा लागतेच, विद्यार्थ्यांना सूट नाही. याचा खर्च कंपनी करणार असे प्रस्तावात लिहा, नाहीतर पहिल्या दिवशी आठातले तीनच विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन येतात.

जोडायची कागदपत्रे

कॉलेजला लागतात ती अशी: कंपनीची नोंदणी किंवा उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, 14 अंकी परवाना क्रमांकासह अन्नसुरक्षा परवान्याची प्रत, कारखाना परवाना लागू असेल तर तो, गुणवत्ता अधिकाऱ्याची शैक्षणिक पात्रता, आणि लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालील अंतर्गत समितीची नावे. ही समिती दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे सक्तीची आहे. प्रशिक्षणार्थी मुलीही या कायद्यात येतात, त्यामुळे हा कागद कॉलेज पहिल्यांदा मागते आणि नेमका तोच कंपनीकडे तयार नसतो. समिती दोन दिवसांत बनत नाही, कारण तिच्यात बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. ते काम पत्र लिहिण्याआधीच करा.

अर्ज कोणाकडे आणि कधी

पत्र प्राचार्यांच्या नावे द्या, प्रत विभागप्रमुखांना आणि ओजेटी समन्वयकांना. प्राचार्यांच्या टेबलावर शिक्का मारून पोच घ्या. तिथून पत्र विभागाकडे जाते. विभाग काम अभ्यासक्रमाशी जुळते का ते पाहतो, मग विषय महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवला जातो. ही समिती दर महिन्याला बसत नाही, म्हणून मेच्या सीझनसाठी पत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पोचले पाहिजे. मार्चमध्ये आलेल्या पत्रावर सहसा "पुढील वर्षी विचार करू" असे उत्तर येते, आणि ते योग्यच असते.

मंजुरीनंतर सामंजस्य करार होतो. तो 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करण्याची पद्धत आहे. ऑक्टोबर 2024 पासून 100 रुपयांचा स्टॅम्प चालत नाही, जुना मसुदा उचलताना हे पाहा. सह्या प्राचार्यांच्या आणि कंपनीच्या अधिकृत व्यक्तीच्या. मॅनेजर सही करणार असेल तर त्याला अधिकार देणारे पत्र जोडा.

120 तासांचे वेळापत्रक

खरी अडचण इथेच आहे. कॅनिंगचा आंबा कारखान्यात मोठ्या प्रमाणावर यायला लागतो एप्रिलच्या मध्यापासून, जेव्हा पेटीचा भाव उतरतो. पाऊस लागला की सगळे संपते. याच दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा असतात. "एप्रिल-मेमध्ये 120 तास" असा प्रस्ताव दिला तर तो कागदावर छान दिसतो, पण पेपर पुढे सरकला की कोसळतो.

म्हणून तास दोन भागांत विभागा. पहिले 24 तास जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजच्याच प्रयोगशाळेत: सहा शनिवार, प्रत्येकी चार तास. गुणवत्ता अधिकारी तिथे येतो आणि मागच्या सीझनच्या डब्यांवर काम शिकवतो. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स म्हणजे पल्पमधल्या साखरेचे प्रमाण, पीएच मीटरचे कॅलिब्रेशन, टायट्रेशनने आम्लता, आणि डब्याचा सीम म्हणजे झाकणाचा सांधा कापून त्यातले पत्र्याचे हुक मोजणे. उरलेले 96 तास कारखान्यात: 16 दिवस, रोज सहा तास, सकाळी 8 ते दुपारी अडीच, मध्ये अर्धा तास सुट्टी. ही अर्ध्या तासाची सुट्टी तासांत धरायची नाही. नेमकी हीच चूक झाली की शेवटी प्रत्येकाचे आठ तास कमी भरतात.

सुरुवातीची तारीख कॅलेंडरवरची देऊ नका. कलम असे लिहा: "लेखी परीक्षेच्या शेवटच्या पेपरनंतर तिसऱ्या दिवशी काम सुरू होईल. फळ संपल्याने किंवा वीज गेल्याने उत्पादन बंद राहिले तर उरलेले तास प्रयोगशाळेत पूर्ण केले जातील." हे नुसते शब्द नाहीत. पल्प भरलेले डबे 37 अंशांवर ठेवून ते फुगतात का, गळतात का हे पाहण्याचे काम फळ संपल्यावरही चालू राहते. पावसाळ्याच्या तोंडावर विद्यार्थ्याला देण्यासारखे आणि कारखान्यालाही उपयोगी असे ते काम आहे.

जबाबदाऱ्यांचे कलम

प्रस्तावातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. प्रत्येक कामापुढे एकच पद लिहा. माणसाचे नाव नको, कारण अधिकारी सीझनच्या मध्येच नोकरी सोडून जाऊ शकतो. "दोन्ही पक्ष मिळून" असे कुठेही लिहू नका. दोघांवर टाकलेले काम कोणीच करत नाही. नमुना असा:

"गुणवत्ता अधिकारी रोज प्रत्येक विद्यार्थ्याची डायरी तपासून सही करील. ओजेटी समन्वयक आठवड्यातून एकदा कारखान्याला भेट देऊन हजेरी पडताळतील. विद्यार्थ्यांचा गट वैयक्तिक अपघात विमा कंपनी काढील व पॉलिसीची प्रत काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी कॉलेजला देईल. नावांची यादी कॉलेज पंधरा दिवस आधी देईल. अपघात झाल्यास शिफ्टप्रमुख विद्यार्थ्याला दवाखान्यात नेतील व त्याच तासात समन्वयकांना कळवतील."

यादीची मुदत विम्याच्या मुदतीआधी येते, हे मुद्दाम केले आहे. नावे मिळाल्याशिवाय पॉलिसी निघत नाही, आणि बरेच करार इथेच अडतात.

काय करायचे नाही, हेही लिहा. बॉयलर, डबे वाफेवर निर्जंतुक करणारे रिटॉर्ट आणि चालू पल्परजवळ विद्यार्थी फक्त बघतील, हात लावणार नाहीत. आंबे उतरवणे, साली-कोयी वेगळ्या करणे ही कामे पाहण्यापुरती, जास्तीत जास्त एक दिवस. माणसांची ओढाताण असली की विद्यार्थ्याला लाइनवर उभे करण्याचा मोह होतो, आणि हा या भागीदारीतला सर्वात मोठा अन्याय आहे. समन्वयकांना तो डायरीवरून लगेच ओळखता येतो. नीट चाललेल्या दिवसाची नोंद अशी असते: "लॉट 14, पाच नमुने, ब्रिक्स 16.2 ते 17.1, पीएच 3.9, दुसऱ्या नमुन्यात फरक आला म्हणून मीटर पुन्हा कॅलिब्रेट केला." ओळीने तीन दिवस "पॅकिंग विभागात मदत केली" असे दिसले तर समन्वयकांनी त्याच दिवशी फोन करावा, शेवटच्या अहवालाची वाट पाहू नये.

पैशांचे कलम स्पष्ट ठेवा. विद्यार्थ्याकडून कोणतेही शुल्क घ्यायचे नाही. ओजेटीला मानधन सक्तीचे नाही, पण प्रवासखर्च द्यावा. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज मार्गाचा असतो, एमआयडीसीच्या फाट्यापर्यंतचे तिकीट वेगळे पडते. राजापूर-लांज्याकडून येणाऱ्या मुलाला ते परवडत नाही, मग तो आठव्या दिवसापासून येईनासा होतो आणि दोष त्याच्या शिस्तीला दिला जातो.

शेवटी गोपनीयता. प्रकल्प अहवालात तापमान, ब्रिक्स, पीएच वापरता येतील. ग्राहकांची नावे, खरेदीचे दर आणि बागायतदारांची यादी नाही. कंपनीने मसुदा सात दिवसांत वाचून हरकत कळवावी, न कळवल्यास तो मान्य समजला जाईल असे लिहा. ही मुदत नसेल तर अहवाल जूनभर कंपनीच्या मेलमध्ये पडून राहतो आणि विद्यार्थ्याचे गुण अडकतात. गुणांपैकी किती कंपनीकडे आहेत, हे कॉलेजने विद्यापीठाच्या नियमानुसार करारासोबत लेखी द्यावे. प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष भरलेले तास लिहावेत. 96 पैकी 80 भरले असतील तर 80च.

करार एका वर्षाचा ठेवा. 30 दिवसांच्या सूचनेने तो कोणालाही संपवता येईल, मात्र सुरू असलेल्या तुकडीचे तास पूर्ण केल्याशिवाय नाही, ही ओळ त्यात हवीच.