खानापूर-निपाणीच्या छोट्या दुकानदाराने कंपोझिशन घ्यावं का? पात्रता, अर्ज आणि सोडाव्या लागणाऱ्या क्रेडिटचा हिशेब

कंपोझिशन ही जीएसटीतली छोट्या व्यावसायिकांसाठीची योजना. विक्रीवर ठरावीक कमी टक्क्याने कर भरायचा, पण खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही, म्हणजे त्याचं क्रेडिट सोडावं लागतं. आधी नोंदणीचं पाहू. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा 20 लाख आहे. माल विकून दुरुस्तीचेही पैसे घेत असाल, तरी 20 लाखच धरा. उलाढाल मोजताना करमाफ मालाची विक्रीही धरली जाते. सुटा तांदूळ आणि डाळ विकणाऱ्यांची गफलत इथेच होते. विकता तो सगळाच माल करमाफ असेल तर मात्र नोंदणीची गरज नाही. 2025 च्या जुलैमध्ये राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. त्यामुळे करमाफ आणि करपात्र विक्री पहिल्यापासून वेगळी लिहून ठेवलेली बरी.

सीमाभागात 40 लाखांचं हे संरक्षण एका जागी संपतं. माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, पण किराणा, कापड, हार्डवेअर यांना नाही. कंपोझिशनवाल्याला तर राज्याबाहेर विक्रीच करता येत नाही. खरेदीवर असं बंधन नाही. इचलकरंजीचं कापड किंवा कोल्हापूरच्या घाऊक पेठेतला माल खुशाल आणा, पण विक्री कर्नाटकातच झाली पाहिजे.

मग चंदगडचा माणूस बेळगावात येऊन काउंटरवर माल घेऊन गेला तर? 1 ऑक्टोबर 2023 पासून याबाबतचा नियम स्पष्ट आहे. गिऱ्हाईक जीएसटीत नोंदलेलं नसेल तर बिलावर त्याचा जो पत्ता असेल, ते विक्रीचं ठिकाण. पत्ताच नसेल तर दुकान हेच ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता धरला जातो. म्हणजे रोखीच्या बिलावर सवयीने ‘ता. चंदगड, महाराष्ट्र’ लिहिलंत, तर कागदोपत्री ती आंतरराज्य विक्री झाली आणि कंपोझिशनची पात्रता धोक्यात आली. बिलिंग सॉफ्टवेअर मोबाइल नंबरवरून जुना पत्ता आपोआप भरतं, तेवढी सेटिंग आधी बंद करा. मात्र याला पळवाट समजू नका. आपल्या टेम्पोने माल हलकर्णीला पोहोचवत असाल किंवा गडहिंग्लजच्या बाजारात पाल टाकत असाल, तर बिल कसंही लिहा, कंपोझिशन तुमच्यासाठी नाही. पलीकडच्या बाजारात बसायचं तर महाराष्ट्रातली नोंदणी वेगळी लागते.

विक्री कर्नाटकातच होत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल, तर व्यापारी आणि उत्पादकाला 1 टक्का, खानावळीला 5 टक्के असा कंपोझिशनचा दर आहे. व्यापाऱ्याला तो फक्त करपात्र विक्रीवर लागतो, उत्पादकाला एकूण उलाढालीवर. आइस्क्रीम, पानमसाला, तंबाखूचे पदार्थ आणि विटा बनवणाऱ्यांना ही योजना मिळत नाही. हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही.

हे क्रेडिट सोडणं परवडतं का, ते खानापुरातल्या एका काल्पनिक हार्डवेअर दुकानावरून पाहू. सगळा माल 18 टक्क्यांचा. वर्षाची खरेदी 42 लाख, त्यावर कर 7.56 लाख. गिऱ्हाइकांकडून करासह 59 लाख येतात. साध्या नोंदणीत यातले 9 लाख कराचे. त्यातून 7.56 लाखांचं क्रेडिट वजा करून 1.44 लाख भरायचे, हातात 8 लाख राहतात. कंपोझिशनमध्ये खरेदी 49.56 लाखांना पडते, कर 59 हजार आणि हातात 8.85 लाख. म्हणजे 85 हजारांचा फायदा.

पण गिऱ्हाईक जर नोंदणी असलेले कंत्राटदार असतील तर चित्र उलटतं. साध्या नोंदणीतल्या दुकानदाराकडून घेतलेल्या मालाचं क्रेडिट त्यांना मिळतं, तुमच्याकडून काहीच मिळत नाही. मग 59 ला विकायचा माल ते 50 लाच मागतात. सगळे गिऱ्हाईक असे असतील तर वर्षाअखेर सहा हजारांचा तोटा होतो. याच आकड्यांत विक्रीचा जेमतेम दहावा हिस्सा अशा गिऱ्हाइकांकडे गेला, तरी 85 हजारांचा फायदा पुरता संपतो. म्हणून आधी वर्षभराची बिलं काढून किती जणांनी जीएसटी नंबर दिला ते मोजा.

दुसरी गोष्ट दराची. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, फरसाण, भांडी अशा बऱ्याच वस्तू 5 टक्क्यांवर आल्या. समजा कराशिवाय विक्री 50 लाख आणि खरेदी 45 लाख. साध्या नोंदणीत फक्त 25 हजार भरावे लागतात, कंपोझिशनमध्ये 52,500. पाच टक्क्यांच्या मालावर करातली बचत व्हायला विक्रीच्या सुमारे 21 टक्के नफा सुटावा लागतो, अठरा टक्क्यांच्या मालावर साडेसहा ते सात टक्के पुरतो. कंपोझिशन म्हणजे कर कमी, हे जुनं गणित किराण्याला आता सरसकट लावू नये.

नवीन नोंदणी घेणाऱ्याने www.gst.gov.in वर नोंदणीचा अर्ज REG-01 भरताना Part B मध्ये Option For Composition ला Yes करायचं. ते राहिलं तर पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबावं लागतं. आधीच साधी नोंदणी असेल तर 31 मार्चपर्यंत कंपोझिशन निवडल्याचा फॉर्म CMP-02 भरायचा आणि वर्ष सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ITC-03. त्यात शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. 18 टक्क्यांचा सहा लाखांचा माल पडून असेल तर ते 1.08 लाख होतात, म्हणून मार्चमध्ये साठा कमी ठेवा.

कागदपत्रं थोडीच: पॅन, आधार, फोटो, आणि दुकानाच्या जागेसाठी घरपट्टीची पावती किंवा हेस्कॉमचं वीजबिल. भाड्याची जागा असेल तर सोबत करारपत्र. बँकेचा तपशील नंतर 30 दिवसांत भरला तरी चालतो. आधार पडताळणी झाली आणि शंका निघाली नाही तर साधारण सात कामकाजाच्या दिवसांत नंबर येतो. अर्ज अडतो तो बहुधा जागेवर. वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं, किंवा पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. जागा घरच्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आधीच जोडा. अर्जावर शंका विचारणारी REG-03 ची नोटीस आली तर सात कामकाजाच्या दिवसांत REG-04 ने उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

नोंदणी झाली की पाटीवर composition taxable person लिहायचं. टॅक्स इनव्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यायचं, आणि त्याच्या माथ्यावर ‘composition taxable person, not eligible to collect tax on supplies’ हे वाक्य हवंच. दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत CMP-08 भरून कर भरायचा, आणि वर्षाचं विवरणपत्र GSTR-4 हे 30 जूनपर्यंत. कोल्हापूरहून माल आणणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने भाड्यावर स्वतः कर लावला नसेल, तर तो 5 टक्के तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, आणि त्याचंही क्रेडिट नाही.

वर्षाच्या मध्येच उलाढाल दीड कोटीपलीकडे गेली किंवा राज्याबाहेरची मोठी ऑर्डर घेतली, तर त्या दिवसापासून योजना सुटते. सात दिवसांत योजना सोडल्याचा फॉर्म CMP-04 भरायचा आणि 30 दिवसांत ITC-01, म्हणजे हातातल्या साठ्यावरचं क्रेडिट परत मागता येतं. मात्र ते एका वर्षाच्या आतल्या खरेदी बिलांवरच मिळतं, दोन लाखांपेक्षा जास्त असेल तर सीएचा दाखला लागतो. कंपोझिशनमध्ये क्रेडिट नाही म्हणून पुष्कळजण खरेदीची बिलं जपत नाहीत, आणि मग इथे मागण्यासारखं काही उरत नाही.