स्किन सायकलिंगमधल्या दोन रिकाम्या रात्री

न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञ व्हिटनी बो यांनी लोकप्रिय केलेल्या ‘स्किन सायकलिंग’ या रात्रीच्या त्वचानिगेच्या पद्धतीचे मूळ चक्र चार रात्रींचे आहे. पहिल्या रात्री ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्लाने मृत पेशींचा थर सैल करायचा, दुसऱ्या रात्री रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गटातले द्रव्य, लावायचे आणि पुढच्या दोन रात्री फक्त सौम्य क्लेन्झर व मॉइश्चरायझर वापरायचे. आठवड्याच्या सात रात्रींत हे चक्र नेमके बसत नाही. सोमवारी सुरुवात केली, तर पुढची आम्लाची रात्र शुक्रवारी आणि त्यानंतरची मंगळवारी येते. म्हणून वार न धरता रात्री मोजाव्यात.

या क्रमात सर्वांत मोलाच्या आहेत त्या शेवटच्या दोन रात्री, आणि नेमक्या त्याच गाळण्याचा मोह लोकांना होतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांना सांधणारी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असतात. त्यांच्यामुळेच आतले पाणी आत राहते. आम्ल पेशींमधले दुवे सोडवते, तर रेटिनॉइड खालून नव्या पेशी लवकर वर आणते, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत हा थर तात्पुरता दुबळा होऊन त्यातून पाणी अधिक निसटते. शेवटच्या दोन विश्रांतीच्या रात्री ही झीज भरून काढायला वेळ देतात.

समजा, एखादी व्यक्ती रेटिनॉल हे सौम्य रेटिनॉइड पहिल्या दिवसापासून रोज लावते. दहाएक दिवसांत नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांशी पापुद्रे सुटतात. पण खरी खूण वेगळीच असते. एरवी जाणवतही नसलेले साधे मॉइश्चरायझर लावताच चुरचुरते. अशा वेळी आम्ल आणि रेटिनॉल दोन्ही थांबवावे आणि चुरचुर पूर्ण थांबल्यावर आम्लाची रात्र वगळून, एक रेटिनॉलची आणि तीन विश्रांतीच्या, असे चक्र पुन्हा सुरू करावे. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढे रेटिनॉल पुरते आणि ते कोरड्या त्वचेवरच लावावे. स्किन सायकलिंग करताना दिवसा सनस्क्रीन चुकवू नये, कारण ग्लायकोलिकसारख्या आम्लांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते.

रेटिनॉइड नव्याने सुरू करणाऱ्यांना किंवा पूर्वी ते न सोसल्यामुळे सोडून दिलेल्यांना ही पद्धत जुळते. ज्यांना इसब किंवा चेहरा लाल होण्याचा रोझेशिया हा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये. गर्भारपणात रेटिनॉइड टाळावे. मुरुमांसाठी अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइनसारखे रेटिनॉइड औषध रोज लावायला सांगितले असेल आणि ते सोसत असेल, तर मात्र हे चक्र तोट्याचे ठरते: आठ रात्रींत औषध दोनदाच लागते, आणि मुरुमांवर परिणाम दिसण्यासाठी लागणारे सुमारे बारा आठवडे आणखी लांबतात.