सॉइल नेलिंग: मुरुमाची उभी कापणी आणि खिळ्यांचे गणित

सॉइल नेलिंग म्हणजे उभ्या कापलेल्या मातीत ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या घोळाने, जखडलेल्या सळया अर्थात खिळे ठोकळमानाने 15 अंश खाली झुकवून बसवणे आणि दर्शनी बाजूला जाळी व शॉटक्रीटचा, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटचा, थर देणे. सळई ताणून बसवत नाहीत. माती किंचित पुढे सरकली की तिच्यावर ताण येतो. त्यामुळे 6 मीटर कापणीचा माथा सुमारे 12 मिमी पुढे येणे अपेक्षितच असते.

साताऱ्यात यवतेश्वराच्या उताराला घरासाठी किंवा रस्त्यासाठी जागा काढताना अशी कापणी करावी लागते. वरून तांबडी माती, खाली मुरूम आणि पुढे काळा दगड, असा थर गृहीत धरून 6 मीटर उंचीचे उदाहरण घेऊ.

खिळ्याच्या लांबीचा पहिला अंदाज उंचीच्या 0.7 पट, म्हणजे 4.2 मीटर. खरी लांबी मात्र दोन तुकड्यांत ठरते. घसरू पाहणाऱ्या मातीतला पहिला तुकडा माथ्याजवळ साधारण 2 मीटर असतो. त्याच्या मागे, स्थिर मुरुमात रुतलेला दुसरा तुकडा खरी पकड देतो.

मुरुमाचा घर्षणकोन 32 अंश, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन आणि माथ्यावर चौरस मीटरला 10 किलोन्यूटन भार धरला, तर एका चौरस मीटर दर्शनी भागामागे खिळ्यावर सुमारे 27 किलोन्यूटन ओढ येते. दोन्ही दिशांना 1.5 मीटर अंतर ठेवले की एका खिळ्याच्या वाट्याला 2.25 चौरस मीटर, म्हणजे 61 किलोन्यूटन. 100 मिमी छिद्रात ग्राउट व मुरुमाची पकड 100 किलोपास्कल मानून सुरक्षा गुणांक 2 लावला, तर मीटरमागे 15.7 किलोन्यूटन मिळतात. म्हणून मागे 3.9 मीटर हवेत आणि एकूण लांबी 6 मीटर होते. अंतर 1.2 मीटर केले, तर ओढ 39 किलोन्यूटनवर येते आणि 4.5 मीटर पुरतात. शेजाऱ्याची हद्द जवळ असेल तर हाच मार्ग, कारण खिळे त्याच्या जमिनीखाली शिरू नयेत. छिद्रांची संख्या मात्र वाढते. 25 मिमी सळई दोन्ही वेळा पुरेशी ठरते. निकाल सळईचा नव्हे, पकडीचा असतो. म्हणूनच पकडीचा आकडा पुस्तकातून न उचलता त्याच मुरुमात दोन-तीन चाचणी खिळे ओढून पाहावा. शेवटी संपूर्ण उताराची घसरण तपासावी लागते. खालून गेरूसारखा मऊ तांबडा थर जात असेल, तर खिळे त्याच्या पलीकडे पोचलेच पाहिजेत.

काम वरून खाली चालते. एका वेळी दीड मीटरच कापायचे, खिळे व शॉटक्रीट पूर्ण करायचे, मगच पुढचा टप्पा. जेसीबी हाताशी आहे म्हणून सहाही मीटर एकदम कापले, तर मुरूम दिवसभर उभा राहतो आणि रात्रीच्या पावसात पडतो. ग्राउटची नळी छिद्राच्या तळापर्यंत न्यावी आणि तोंडाशी दाट ग्राउट येईपर्यंत भरत राहावे. तोंडाकडून ओतले, तर आत हवा अडकते. सळई छिद्राच्या मध्यभागी धरणारे सेंट्रलायझर नसेल, तर सळई तळाला टेकून तिच्या खालचे ग्राउट नाहीसे होते.

पावसाळ्यात शॉटक्रीटमागे पाणी साचू नये, म्हणून कापतानाच निचऱ्याच्या पट्ट्या व पाझर-नळ्या बसवाव्यात आणि माथ्यावर पक्का चर काढावा. माथ्यामागे कापणीला समांतर भेग दिसून ती रोज रुंदावत असेल, किंवा नळ्या पावसातही कोरड्या असून शॉटक्रीटला ओल धरत असेल, तर खालचे खोदकाम थांबवून कापलेल्या भागाच्या पायथ्याशी मुरुमाचा भराव टाकावा.