लिंक लागते, पण वेग मिळत नाही: डुप्लेक्स मिसमॅचची पार्श्वभूमी

जुन्या इथरनेटमध्ये सगळी यंत्रे एकाच केबलवर असत. प्रत्येकाने आधी कानोसा घ्यायचा, तार मोकळी असेल तरच बोलायचे आणि टक्कर झाली तर थांबून पुन्हा पाठवायचे. हेच हाफ डुप्लेक्स. केबलची लांबी अशी ठरवलेली होती की टक्कर व्हायचीच असेल, तर ती फ्रेमच्या, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याच्या, पहिल्या ६४ बाइट्समध्येच कळावी. त्यानंतर कळलेली टक्कर म्हणजे ‘लेट कोलिजन’. नियम पाळणाऱ्या नेटवर्कमध्ये ती होऊच नये.

पुढे स्विच आले आणि दोन टोकांना एकाच वेळी बोलता येऊ लागले. हे फुल डुप्लेक्स. १९९५ साली १०० मेगाबिटच्या फास्ट इथरनेटसोबत ऑटो-निगोशिएशनही प्रमाणात आले. दोन्ही टोके छोट्या पल्सच्या झुबक्यांतून आपापल्या क्षमता कळवतात आणि दोघांना जमणारी सर्वांत चांगली पद्धत निवडतात. पण समोरचे टोक गप्पच राहिले तर? तेव्हा सिग्नलवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स मात्र ओळखता येत नाही. म्हणून प्रमाण सांगते की अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरावे.

सगळा घोळ इथे आहे. सुरुवातीच्या प्रमाणातल्या काही कलमांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने लावला, त्यामुळे उपकरणांचे एकमेकांशी जमेना. वैतागलेल्या ॲडमिननी ऑटो-निगोशिएशन बंद करून ‘१०० फुल’, म्हणजे १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स, फिक्स करून टाकण्याची सवय लावून घेतली. सवय चुकीची नव्हती, पण ती दोन्ही टोकांना लागू करावी लागते, आणि नेमके तेच राहून जाई.

एका कार्यालयात मी हेच पाहिले. सर्व्हर १०० फुलवर फिक्स होता आणि नवा स्विच ऑटोवर. सर्व्हर गप्प राहिला, म्हणून स्विचने हाफ धरले. एक टोक फुल, दुसरे हाफ, हाच डुप्लेक्स मिसमॅच. लिंकचा दिवा हिरवा, पिंग व्यवस्थित, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की काम रखडायचे. पिंगमध्ये एका वेळी एकच पॅकेट जाते, म्हणून टक्कर होत नाही. कॉपी करताना मात्र दोन्हीकडून सतत पॅकेट्स येतात. सर्व्हर कानोसा न घेता बोलतो, स्विच अर्ध्या फ्रेमवर असताना त्याला टक्कर दिसते. ६४ बाइट्स कधीच उलटून गेलेले असल्याने स्विच ती फ्रेम पुन्हा पाठवत नाही. मग टीसीपीने वाट पाहून तो डेटा पुन्हा पाठवायचा. स्विचच्या पोर्टवर लेट कोलिजन वाढत होते, तर सर्व्हरकडे सीआरसी एरर, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेम्स. आकड्यांची ही जोडी दिसली की केबल बदलत बसू नये.

सर्व्हर लिनक्सवर असल्याने तपासणी आणि दुरुस्ती एवढीच होती:

```
ethtool eth0
ethtool -s eth0 autoneg on
```

दुसऱ्या आज्ञेनंतर लिंक क्षणभर तुटली, परत लागली आणि दोन्हीकडे फुल दिसू लागले.

१९९९ च्या गिगाबिट प्रमाणात तांब्याच्या केबलवर ऑटो-निगोशिएशन अनिवार्य झाले, तेव्हा हा दोष विरळ झाला. १०० मेगाबिटवर चालणारी जुनी यंत्रे आणि फिक्स केलेले पोर्ट जिथे उरले आहेत, तिथे तो आजही भेटतो.