एकत्र कुटुंब आणि नोकरी : घरातील वेळेची वाटणी

एका चुलीवर जेवणाऱ्या दोन किंवा अधिक दांपत्यांच्या घरात, बाहेर नोकरी-व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने, विशेषतः सुनेने, स्वयंपाक, मुले, वृद्धांची शुश्रूषा आणि सणवार या जबाबदाऱ्यांचा भार इतर सदस्यांशी बोलून ठरावीक वेळांत वाटून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्त्रियांच्या कार्यालयीन नोकऱ्या वाढल्या तशी रूढ झाली असावी. तिचा निश्चित आरंभ सांगणे कठीण आहे. बाहेरचे काम आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या अपेक्षा यांतील ताण मात्र त्याहून जुना आहे. रमाबाई रानडे यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, पतीच्या प्रोत्साहनाने चाललेल्या शिक्षणाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून झालेला विरोध तपशिलाने नोंदवला आहे.

‘एकत्र’ कोणाला म्हणावे, याबद्दल समाजशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि वेळेच्या वाटणीचा विचार करताना ते टाळता येत नाहीत. इरावती कर्वे यांनी 1953 मधील आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलाचार आणि विशिष्ट नातेसंबंध ही एकत्र कुटुंबाची लक्षणे मानली. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा येथील अभ्यासात (1964) निवासापेक्षा परस्परांविषयीच्या कर्तव्यांना महत्त्व दिले. त्यांच्या दृष्टीने वेगळ्या बिऱ्हाडांत राहणारे भाऊही एकत्र कुटुंबाचे घटक ठरू शकतात. ए. एम. शाह यांनी 1970 च्या दशकात ‘कुटुंब’ आणि ‘घर’ या दोन संकल्पना वेगळ्या करण्याचा आग्रह धरला. पॉलिन कोलेंडा यांच्या वर्गीकरणात नात्यातील किमान दोन दांपत्ये एकत्र असावी लागतात. त्यामुळे पती-पत्नी, मुले आणि विधवा सासू असे घर त्यांच्या मते एकत्र नसून पुरवणी जोडलेले विभक्त कुटुंब होय. मालमत्तेच्या वादासाठी कर्वे यांची व्याख्या उपयोगी पडते, पण सकाळी सहा वाजता ओट्याशी कोण उभे राहणार, हा प्रश्न मालमत्तेवर ठरत नाही. त्यासाठी शाह यांचा ‘घर’ हा घटकच अधिक सोयीचा दिसतो, कारण वेळ एका चुलीभोवती जमलेल्या हातांतच वाटता येतो.

वेळेच्या मोजमापाचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा आहे. भारतातील पहिली मोठी कालविनियोग पाहणी 1998-99 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सहा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केली आणि 2024 मध्ये ती पुन्हा केली. तिच्यात आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढील चोवीस तासांची नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी घेतात. 2019 मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठीचा सरासरी वेळ दिवसाला 299 मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे होता. 2024 मध्ये हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 झाले. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांपुरतीच आहे. 2019 मध्ये अशा पुरुषांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश होते आणि स्त्रियांचे चार-पंचमांशाहून अधिक, हे सोडून दिले तर पुरुषांचा वाटा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. शिवाय ‘आज भाजी कोणती’, ‘गॅस कधी संपेल’, ‘सासऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या’ याचे मनातल्या मनात चाललेले नियोजन अशा नोंदीत स्वतंत्रपणे दिसत नाही. घरातील वाटाघाटी बहुतेकदा अडतात त्या याच ठिकाणी.

या वाटाघाटींच्या स्वरूपाविषयी अर्थशास्त्रात दोन प्रमुख मते आहेत. गॅरी बेकर यांनी 1965 पासून मांडलेल्या सिद्धांतात घर हे जणू एकाच विचाराने चालणारे एकक असते आणि ज्याला जे काम अधिक फायद्याचे ते त्याच्याकडे जाते. अमर्त्य सेन यांनी 1990 मध्ये घराला ‘सहकारी संघर्षा’चे क्षेत्र म्हटले: एकत्र राहण्यात सर्वांचा लाभ असतो, परंतु त्या लाभाची वाटणी प्रत्येकाच्या सौदाशक्तीवर आणि कोणाचा हातभार ‘खरा’ मानला जातो यावर ठरते. बीना अग्रवाल यांनी त्यात भर घातली, की काही गोष्टी घरात बोलण्याचा विषयच मानल्या जात नाहीत. मराठी घरांच्या बाबतीत हे दुसरे मत वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे. पगारदार सुनेने ‘माझा वेळ’ मागणे आणि मुलाने तिच्यासाठी तोच वेळ मागणे, यांचे वजन अनेक घरांत आजही सारखे नसते.

एकत्र राहण्याने सुनेच्या नोकरीला मदत होते की अडथळा, यावरील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. ग्रामीण भारताविषयी सौम्या धनराज आणि विद्या महांबरे यांना एकत्र कुटुंबातील विवाहित स्त्रियांचे शेतीबाह्य कामातील प्रमाण कमी आढळले. मधुलिका खन्ना आणि दिव्या पांडे यांच्या अभ्यासात मात्र सासूच्या निधनानंतर सुनेचा श्रमसहभाग घटलेला दिसला, म्हणजे सासू घरकामाचा भार प्रत्यक्षात हलका करत होती. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सासू बंधने घालते आणि हातही देते. कोणती बाजू वरचढ ठरते, हे त्या घरातील बोलण्यावर अवलंबून असते.

प्रत्यक्ष रीत समजण्यासाठी डोंबिवलीतील एका घराचे कल्पित पण प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. घरात सासू, मधुमेही सासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन शाळकरी मुले. थोरली सून सकाळच्या सत्रातील शिक्षिका, दुपारी एकला घरी येणारी. धाकटी मुंबईच्या फोर्ट भागातील बँकेत अधिकारी. तिची पदोन्नतीची परीक्षा तीन महिन्यांवर आली असून रोज दोन तास अभ्यासाला हवे आहेत. सध्या ती सव्वापाच ते पावणेआठ स्वयंपाकघरात असते आणि लोकलने परतल्यावर पुन्हा पावणेआठ ते पावणेदहा. दिवसाचे साडेचार तास असे जातात.

अशा घरात पहिली पायरी कामांची नावे काढण्याची नसून त्यांच्या वेळा पाहण्याची असते. काही कामे घड्याळाला बांधलेली असतात: नळाला पाणी येण्याची वेळ, डबे, सासऱ्यांचे आठ वाजताचे जेवण. धान्य निवडणे, बिले भरणे, इस्त्री ही कामे सरकवता येतात. नोकरदार व्यक्तीला त्रास होतो तो बांधलेल्या कामांचा, आणि बोलणे सुरू करावे लागते तेही तेथूनच. या घरात सकाळच्या पंचवीस पोळ्या, कणीक भिजवण्यासह, सुमारे तासाभराचे काम आहे. ते पगारी पोळ्यावाल्या बाईंकडे दिले जाते. संध्याकाळचा कुकर आणि भाजी चिरणे थोरला भाऊ घेतो, म्हणजे पाऊण तास. मुलांचा अभ्यास आणि जेवणानंतरची आवराआवर धाकटा भाऊ घेतो, आणखी पाऊण तास. सकाळची भाजी सासूबाई फोडणीला टाकतात, तो अर्धा तास. असे तीन तास मोकळे होतात. त्यांतील दोन अभ्यासाला आणि एक झोपेला जातो. धाकट्या सुनेकडे रोजचा दीड तास उरतो.

मोकळा झालेला प्रत्येक तास कोणाच्या तरी अंगावर गेलेला असतो, म्हणून परतफेड आधीच ठरवावी लागते. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दोन दिवशी संपूर्ण स्वयंपाक धाकट्या सुनेकडे येतो आणि सासूबाईंना भजनी मंडळाला किंवा लेकीकडे जायला दिवस मिळतो. थोरल्या सुनेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या आठवड्यांत संध्याकाळ धाकटी सांभाळते. पोळ्यावाल्या बाईंचा पगार दोन्ही भावांच्या घरखर्चाच्या रकमेतून जातो. तो एकट्या धाकट्या सुनेने दिला, तर पोळ्या हे तिचेच काम होते आणि तिने ते पैसे टाकून सोडवून घेतले, असा अर्थ घरात रुजतो.

विषय कोणी काढायचा यालाही रीत आहे. जावा आपसांत थेट बोलतात. सासऱ्यांपर्यंत गोष्ट सहसा सासूबाईंकरवी पोहोचते आणि सासूबाईंपाशी मुलाने बोलणे इष्ट मानले जाते. ‘आई, परीक्षेपर्यंत संध्याकाळचं दादा आणि मी बघतो’ हे वाक्य मुलाकडून आले, की ती सुनेची सवलत राहत नाही, मुलांनी उचललेली जबाबदारी होते. शेवटची तारीख सांगितलेली मागणी लवकर मान्य होते. गौरी-गणपतीसारख्या सणांची कामे, रजा कोणी टाकायची यासह, या वाटणीतून सुरुवातीलाच वेगळी ठरवणे हिताचे असते, कारण बहुतेक घरांत जुनी वाटणी सणाच्या तीन दिवसांत परत येते आणि पुढे तीच चालू राहते.

व्यवस्था ढासळते तेव्हा उघड भांडण होतेच असे नाही. पोळ्यावाल्या बाई आल्या नाहीत, तर त्यांचा फोन कोणाला येतो, हे पाहावे. तो अजूनही धाकट्या सुनेलाच येत असेल, तर काम गेले पण जबाबदारी तिच्याकडेच राहिली. रजेचा हिशेबही बोलका असतो: मुलाला ताप आला, सासऱ्यांना तपासणीला न्यायचे झाले, की वर्षभरात कोणाच्या किरकोळ रजा खर्च झाल्या? दुर्लक्षित राहणारी तिसरी बाजू सासूची आहे. तिचा वेळ मोकळाच आहे, असे गृहीत धरून दोन्ही जावांच्या सोयी तिच्यावर उभारल्या जातात आणि तिची गुडघेदुखी वाढली, की सगळी घडी एका आठवड्यात विस्कटते.

घराबाहेरच्या आधारांनी हा भार पूर्वीपासून काही अंशी उचलला आहे. पाळणाघरे, पोळी-भाजी केंद्रे आणि मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था ही त्यांची परिचित रूपे होत. 1959 मध्ये गिरगावात सुरू झालेल्या लिज्जत पापडच्या उद्योगात पीठ घरी नेऊन पापड लाटण्याची सोय असल्याने घराच्या वेळापत्रकातच कमाईला जागा मिळाली. पश्चिम रेल्वेने 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू केली. लोकलच्या महिला डब्यात परतीच्या वाटेवर मटार सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या प्रवासी हे अनेक वर्षांचे दृश्य आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हीच गरज आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना बाळंतपणानंतर काही महिने बोलावून भागवली जाते. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येत असल्याने दोन्हीकडचे आजी-आजोबा पाळीपाळीने जातात.

कायद्याचा आधार यात मर्यादित आहे. मातृत्व लाभ अधिनियमातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक केले. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते. आजारी सासू-सासऱ्यांच्या शुश्रूषेसाठी खाजगी नोकरीत अशी स्वतंत्र वैधानिक रजा नाही. पदोन्नतीबरोबर येणारी बदली तर घरातल्या कोणत्याही वाटणीच्या आवाक्याबाहेरची असते. वरील उदाहरणातील धाकटी सून उत्तीर्ण झाली आणि तिला नागपूरला जावे लागले, तर पोळ्या, कुकर आणि शनिवार यांच्या जागी कोण कोठे राहणार, हा वेगळाच प्रश्न त्या घरापुढे येतो, आणि तो परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच बोलून घेणारी घरे थोडी आहेत.