गॅन्ट्री गर्डरची संकल्पन तपासणी

कारखान्याच्या शेडमध्ये छताखालून फिरणारी क्रेन ज्या रुळांवर चालते, ते रूळ पेलणाऱ्या तुळईला गॅन्ट्री गर्डर किंवा क्रेन गर्डर म्हणतात. दोन खांबांवरच्या ब्रॅकेटांवर टेकलेली ही तुळई दिसायला साधी असते, पण इमारतीतल्या इतर तुळयांपेक्षा तिचा जाच वेगळा. तिच्यावरचा भार सरकता असतो, तो धक्के देत येतो, आडवाही लोटतो आणि दिवसातून अनेकदा येऊन जातो. त्यामुळे तपासणी तीन प्रश्नांभोवती फिरते. चाकांच्या भाराखाली गर्डर टिकतो का, तो किती वाकतो, आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांनी त्यात तडे जातील का. भारतात यासाठी भारांबाबत आयएस ८७५ (भाग २) आणि पोलादी संकल्पनाबाबत आयएस ८००:२००७ ही मानके वापरतात.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. २० टन क्षमतेची विजेवर चालणारी क्रेन (ईओटी क्रेन), तिचा स्वतःचा गाळा २० मीटर, खांबांमधले अंतर म्हणजे गर्डरचा गाळा ७.५ मीटर. दोन रुळांमधला गाळा ओलांडणारा क्रेनचा भाग म्हणजे पूल, आणि त्यावर आडवी सरकणारी हूकची गाडी म्हणजे क्रॅब. क्रॅबचे वजन ६० किलोन्यूटन, क्रॅब सोडून पुलाचे १८० किलोन्यूटन. हूक रुळाच्या जास्तीत जास्त १ मीटर जवळ येतो. प्रत्येक बाजूला दोन चाके असून त्यांच्यात ३.५ मीटर अंतर आहे. भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात अशा मापाचे शेड सर्रास दिसतात.

चाकांचा भार

२० टन म्हणजे ढोबळमानाने २०० किलोन्यूटन. क्रॅब एका टोकाला गेल्यावर त्या बाजूच्या रुळावर सर्वांत जास्त भार पडतो. हूक १ मीटर आत असल्याने उचललेले ओझे आणि क्रॅब मिळून २६० किलोन्यूटनपैकी १९/२० भाग, म्हणजे २४७ किलोन्यूटन, इकडे येतो. त्यात पुलाच्या वजनाचा अर्धा, ९० किलोन्यूटन, मिळवला की ३३७ होतात. दोन चाकांत वाटल्यावर प्रत्येकी १६८.५ किलोन्यूटन. क्रेन बनवणाऱ्याच्या पत्रकात हा आकडा तयार मिळतो, तरी तो असा हाताने काढून पाहावा. पत्रकात हूकचे किमान अंतर वेगळे धरलेले असेल, तर ते इथेच लक्षात येते.

विजेच्या क्रेनसाठी उभ्या भारात धक्क्यापोटी २५ टक्के वाढ धरतात, म्हणजे चाकाचा भार सुमारे २११ किलोन्यूटन होतो. हाताने चालवायच्या क्रेनला ही वाढ फक्त १० टक्के असते. क्रॅब ब्रेक मारते तेव्हा रुळाला आडवा लोट बसतो. तो क्रॅब आणि ओझे यांच्या एकत्रित वजनाच्या १० टक्के, इथे २६ किलोन्यूटन, धरतात. दोन्ही रुळांवरच्या चारही चाकांत तो वाटला की प्रत्येक चाकाला ६.५ किलोन्यूटन. रुळाच्या लांबीच्या दिशेचा ओढा चाकांच्या स्थिर भाराच्या ५ टक्के असतो. तो मुख्यतः खांबांमधल्या ब्रेसिंगचा प्रश्न आहे.

सर्वांत मोठा बेंडिंग मोमेंट, म्हणजे गर्डरला वाकवणारा परिणाम, कुठे येतो, इथे नवखे चुकतात. दोन चाके गाळ्याच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असताना तो येत नाही. एक चाक मध्यापासून चाकांच्या अंतराच्या चौथ्या भागावर, इथे ०.८७५ मीटरवर, असताना त्या चाकाखाली तो मिळतो:

```
M = (2W/L) × (L/2 − c/4)²
```

W म्हणजे एका चाकाचा भार, L गर्डरचा गाळा आणि c चाकांमधले अंतर. इथे L = ७.५ आणि c = ३.५ मीटर घातले की मोमेंट चाकाच्या भाराच्या २.२ पट येतो. धक्का न धरता ३७१ किलोन्यूटन-मीटर, धक्क्यासह ४६४, आणि सुरक्षेसाठी १.५ चा भारगुणक लावून स्वतःच्या वजनासह सुमारे ७१७. चाकांमधले अंतर गाळ्याच्या ०.५८६ पटीहून जास्त असेल, तर एकच चाक मध्यावर ठेवलेली स्थिती निर्णायक ठरते, म्हणून हे गुणोत्तर आधी पाहावे. त्याच गाळ्यात दुसरी क्रेन येणार असेल, तर दोन्ही क्रेनची जवळची चाके एकाच गर्डरवर येऊ शकतात आणि वरचे सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात. शेड उभी राहिल्यावर दुसरी क्रेन आणणारा मालक क्वचितच गर्डरचा विचार करतो.

डिफ्लेक्शन छेद ठरवते

मजबुतीसाठी प्रथम नुसता आयएसएमबी ६०० घेऊन पाहू. ही ६०० मिमी उंचीची लाटीव तुळई, वर-खाली आडव्या फ्लँज आणि मध्ये उभी वेब असलेली. छेद वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणारा त्याचा आय (जडत्व आघूर्ण) सुमारे ९१,८०० सेमी⁴ आहे. डिफ्लेक्शनसाठी, म्हणजे गर्डर किती वाकतो ते पाहताना, भारगुणक आणि धक्का दोन्ही सोडून स्थिर चाकभार घेतात. दोन चाके मध्याभोवती सममित ठेवली की हा गर्डर ११.७ मिमी खाली येतो. आयएस ८०० प्रमाणे ५० टनांपर्यंतच्या विजेच्या क्रेनसाठी मर्यादा गाळ्याच्या १/७५० आहे, म्हणजे १० मिमी. गर्डर नापास. हाताने चालवायची क्रेन असती, तर १/५०० म्हणजे १५ मिमी चालले असते, आणि ५० टनांवरच्या क्रेनला १/१००० लागले असते.

ही मर्यादा दिसण्यासाठी घातलेली नाही. गर्डर लवला की क्रेन मधल्या खोलगट भागातून वर चढू पाहते. मोटरवर ताण येतो आणि ओझे झुलते.

उपाय म्हणून वरच्या फ्लँजवर आयएसएमसी ३०० चॅनेल उलटे, पाय खाली करून, बसवतात. कारखान्यांतून हीच जोडी बहुधा दिसते, कारण ती दोन प्रश्न एकदम सोडवते. आय वाढून सुमारे १,२०,६०० सेमी⁴ होतो आणि वाक ८.९ मिमीवर येतो. स्वतःच्या वजनाचा वाक अर्ध्या मिमीहूनही कमी आहे. दुसरा फायदा आडव्या दिशेचा. नुसत्या आयएसएमबीची वरची फ्लँज २१ सेमी रुंद, तिचा आडवा आय जेमतेम १,६०० सेमी⁴. तिच्यावर आडवा लोट आला तर ती सुमारे २६ मिमी बाजूला जाते. चॅनेलमुळे तोच आय ८,००० च्या जवळ जातो आणि वाक ५ मिमीच्या आसपास राहतो. मर्यादा गाळ्याच्या १/४००, म्हणजे १८.७५ मिमी. त्याशिवाय दोन रुळांमधले सापेक्ष सरकणे १० मिमीच्या आत हवे. हे पाळताना खांबांच्या सरकण्याचा हिशेब निराळा करावा लागतो.

या जोडछेदात प्रतिबल खाली सुमारे २१६ न्यूटन प्रति चौ. मिमी येते. आयएसएमबी ६०० ची फ्लँज २० मिमीहून जाड असल्याने ई२५० पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या प्रतिबलाला पोलाद कायमचे वाकू लागते ती, २५० ऐवजी २४० धरायची आणि १.१ ने भागायचे. येतात २१८. जेमतेम, पण चालते. वरच्या बाजूला उभ्या वाकाचे १४५ आणि आडव्याचे ४० मिळून १८५ होतात. मात्र दाबातली ही फ्लँज बाजूला वळून मोडण्याचा धोका धरून क्षमता घटवावी लागते, आणि या उदाहरणात तपासणी सर्वांत घट्ट होते ती तिथेच.

शिणवटा वेल्ड ठरवतो

प्रतिबल यील्ड मर्यादेच्या आत असले, तरी ते वारंवार चढत-उतरत राहिले की पोलादाला शिणवटा येतो आणि तडा जातो. आयएस ८०० मध्ये हिशेब प्रतिबलाच्या चढ-उतारावर, म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्या फरकावर, केला जातो. प्रत्येक प्रकारच्या जोडणीला एक वर्ग आहे. वर्गाचा आकडा ५० लाख आवर्तनांना सोसवणारा चढ-उतार सांगतो. साध्या लाटीव छेदाचा वर्ग ११८ आहे, तर वेबला ताठ ठेवणारी उभी पट्टी, म्हणजे स्टिफनर, वेल्ड केलेल्या जागेचा ५९. वेल्डमुळे सोसण्याची ताकद निम्मी होते. मोडले तर दुसरा आधार नाही अशा सुट्या गाळ्याच्या गर्डरला, तपासायला पोहोचता येत असेल तर, १.२५ चा सुरक्षागुणक लावतात.

समजा क्रेन दिवसाला ४० वेळा पूर्ण भार नेते, वर्षाला ३०० दिवस, २५ वर्षे. ही ३ लाख आवर्तने झाली. धक्क्यासह खालच्या फ्लँजवर चढ-उतार ४६४ किलोन्यूटन-मीटरचा, म्हणजे १४० न्यूटन प्रति चौ. मिमी. ३ लाख आवर्तनांसाठी साध्या लाटीव फ्लँजला १.२५ ने भागून २४१ पर्यंत सोसते, काळजी नाही. पण खालच्या फ्लँजला स्टिफनर वेल्ड केले, तर सोसण्याची हद्द १२० वर येते आणि गर्डर नापास होतो. मोकळ्या परतीच्या फेऱ्याही भर घालतात. त्यांत चढ-उतार ६१ चा असतो. दोन्हींचा झीजगुणांक, म्हणजे सोसवणाऱ्या आवर्तनांपैकी किती खर्ची पडली त्याचे माप, मिळून १.७ भरतो, जो १ च्या आत हवा.

उपाय पैशांचा नाही, ड्रॉइंगचा आहे. स्टिफनर वेबला वेल्ड करायचे आणि खालच्या फ्लँजच्या ६० मिमी वर, म्हणजे १२ मिमी वेबच्या पाचपट अंतरावर, संपवायचे. तिथे चढ-उतार १०९ वर येतो, आणि मोकळ्या फेऱ्या धरून झीजगुणांक ०.८ होतो. गर्डर पास, पोलाद तेवढेच.

वरच्या बाजूची गोष्ट वेगळी. क्रेन एकदा गेली, तरी दोन चाके दोनदा दाब देऊन जातात, म्हणून स्थानिक प्रतिबलाची आवर्तने दुप्पट धरावी लागतात. प्लेटचे वेल्डेड गर्डर असतील, तर वरची फ्लँज आणि वेब यांच्यामधल्या वेल्डमध्ये तडे इथूनच सुरू होतात. रूळ वेबच्या मध्यापासून सरकला असेल, तर फार लवकर.

गर्डरचे टोक खांबाला बांधतानाही शिणवटा आडवा येतो. चाकांखाली लवताना या उदाहरणात टोक ०.००३८ रेडियन फिरते. उंची ६०८ मिमी असल्याने वरची बाजू खालच्या टेकीच्या मानाने २.३ मिमी आत सरकते. म्हणून वरच्या फ्लँजची खांबाशी बांधणी आडवा लोट घेणारी, पण लांबीच्या दिशेला लवचीक हवी. वेबला खांबाशी कडक बोल्ट केले, तर प्रत्येक फेरीत तो बोल्ट वाकतो आणि काही वर्षांत सैल होतो किंवा तुटतो. रंगावर बारीक लाल गंजाची रेघ, बोल्टाभोवती काळपट भुगा, रुळाच्या जोडावर वाढलेला ठोका, ही देखभाल करणाऱ्याला दिसणारी पहिली चिन्हे.

तपासणीच्या टिपणात आवर्तनांची संख्या, गृहीत धरलेला वर्ग आणि "खालच्या फ्लँजला काहीही वेल्ड करू नये" ही सूचना ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत लिहावी. केबल ट्रेची ब्रॅकेट वेल्ड करायला येणारा वायरमन हिशेबाचे कागद पाहत नाही. त्याला दिसते ती रिकामी, सोयीची फ्लँज.