इंजिनीअरिंगचे इंटर्नल गुण कमी पडले तर अर्ज कुठे आणि कसा करायचा

निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतली बरीच मुलं थेट विद्यापीठाच्या पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म शोधतात. लेखी पेपरसाठी ते बरोबरच आहे. पण आयएचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, गुण त्या फॉर्मने बदलत नाहीत. पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत या दोन्ही सोयी सत्रांत लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी असतात. आयएचे गुण कॉलेज देतं आणि विद्यापीठाकडे ते फक्त आकड्याच्या रूपात जातात. म्हणून दाद मागायची सुरुवात कॉलेजातूनच करावी लागते.

इथे मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या योजनेतला, म्हणजे सी स्कीमचा, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या बॅचना गुणांची विभागणी वेगळी आहे, त्यांनी आपल्या सिलॅबसचं पान उघडून आकडे तेवढे बदलून घ्यावेत. अर्जाचा मार्ग तोच आहे.

गुण येतात कुठून

सी स्कीममध्ये 100 गुणांच्या विषयात 80 गुण सत्रांत परीक्षेचे आणि 20 आयएचे. सत्रात एकेका तासाच्या दोन टेस्ट होतात. पहिली साधारण 40 टक्के अभ्यासक्रम झाल्यावर, दुसरी त्यापुढचा आणखी 40 टक्के झाल्यावर. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमचे आयएचे गुण. आयए आणि लेखी यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत 80 पैकी 60 मिळाले तरी आयएत 8 पेक्षा कमी असतील तर त्या विषयाची केटी लागते.

टर्मवर्क हा वेगळा प्रकार आहे. अनेक विषयांत त्याचे 25 गुण असतात आणि विभागणी बहुधा अशी छापलेली असते: प्रयोगांना 15, असाइनमेंटला 5, हजेरीला 5. सबमिशनच्या आठवड्यात फायलीवर सही मिळाली म्हणजे गुणही मिळाले, असं मुलं धरून चालतात. सही म्हणजे फक्त फाइल स्वीकारल्याची खूण. प्रत्येक प्रयोगाला किती गुण पडले ते त्या प्रयोगाच्या पानावर तारखेसह लिहिलेलं आहे का, ते सत्र चालू असतानाच बघून ठेवा. पुढे वाद झालाच तर तुमच्या हातात तेवढाच कागद असतो.

‘कमी’ म्हणजे नेमकं काय

अर्ज लिहिण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा. गुण कमी येण्याची कारणं ढोबळमानाने तीन असतात. एक, बेरजेची किंवा नोंदीची चूक. दोन, छापील नियमाप्रमाणे गुण न देणं, उदाहरणार्थ सरासरी न काढता फक्त दुसरी टेस्ट धरणं. तीन, सरांनी उत्तराला 3 दिले, मला वाटतं 5 द्यायला हवे होते. पहिली दोन कागदावर सिद्ध होतात आणि सहसा दुरुस्तही होतात. तिसरं हा मताचा प्रश्न आहे. ‘मैत्रिणीला 18 आणि मला 11’ एवढ्यावर काहीच हलत नाही. त्याच प्रश्नाचं तेच उत्तर दोघींनी लिहिलं आणि गुण वेगळे पडले, हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

एक प्रकरण

समजा, कळव्याला राहणारी आणि नेरुळच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी. पहिल्या टेस्टमध्ये तिला 12 मिळाले. दुसऱ्या टेस्टच्या दिवशी पावसाने ट्रान्स हार्बर बंद पडली आणि ती पोचली नाही. तिने विभागप्रमुखांकडे अर्ज दिला, परवानगी मिळाली, पुढच्या आठवड्यात रीटेस्ट झाली आणि तिला 15 पडले. पेपर दाखवला तेव्हा तिने गुणही पाहिले. 12 आणि 15 ची सरासरी साडेतेरा, पूर्णांकात 14.

नोटीस बोर्डावर मात्र 6 लागले. दुसऱ्या टेस्टसमोर ‘गैरहजर’ अशीच नोंद राहिली होती. 12 आणि शून्य यांची सरासरी 6, म्हणजे 8 च्या खाली आणि सरळ केटी. रीटेस्टचे गुण सरांच्या फाइलमध्येच राहिले, विभागाच्या मार्कलिस्टवर चढलेच नाहीत. सरासरी अचानक निम्मी झालेली दिसली की पहिला संशय ‘गैरहजर’ नोंदीचा घ्यावा.

तिने आधी विषयशिक्षकांना दाखवलं. ते ‘बघतो’ म्हणाले. इथेच बहुतेक जण थांबतात आणि इथेच घोटाळा होतो, कारण कॉलेजने एकदा गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरून कायम केले की दुरुस्तीसाठी प्राचार्यांचं पत्र, मूळ मार्कलिस्ट आणि परीक्षा विभागाकडे पाठपुरावा हे सगळं लागतं. गुण भरण्याआधी तीच दुरुस्ती विभागातल्या विभागात होते. म्हणून तोंडी बोलणं झालं त्याच दिवशी लेखी अर्जही द्यावा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. मजकूर लांबवू नये:

> ‘विषय: सत्र 5, अमुक विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनातील नोंद दुरुस्त करण्याबाबत. टेस्ट 2 ची रीटेस्ट मी दि. … रोजी विभागप्रमुखांच्या परवानगीने दिली. त्यात 15 गुण असून जाहीर यादीत ‘गैरहजर’ अशी नोंद आहे. रीटेस्टचा पेपर व हजेरीपत्रक तपासून सरासरी दुरुस्त करावी. गुण विद्यापीठाकडे पाठवले असल्यास दुरुस्तीपत्र पाठवावे, ही विनंती.’

सोबत जोडायचं: ओळखपत्राची किंवा परीक्षा अर्जाची प्रत, जाहीर यादीचा फोटो, रीटेस्टच्या परवानगीचा अर्ज आणि गैरहजेरीच्या कारणाचा पुरावा. टर्मवर्कची तक्रार असेल तर जर्नलची गुण लिहिलेली पानं. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यायचा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

कॉलेजने ऐकलं नाही तर

यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत ही तक्रार तिच्या कक्षेत येते. तक्रार त्या संस्थेच्या विद्यार्थ्याला करता येते. तक्रार मिळाल्यापासून कामाच्या 15 दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

मात्र लोकपाल पेपर पुन्हा तपासायला बसलेले नाहीत. ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय फेरतपासणीचं किंवा फेरबेरजेचं अपील ते घेत नाहीत. वरच्या प्रकरणातली चुकीची ‘गैरहजर’ नोंद ही ठोस अनियमितता म्हणून मांडता येते. ‘मला 5 द्यायला हवे होते’ हे मांडता येत नाही.

कॉलेज टेस्टचा पेपरच दाखवत नसेल तर माहिती अधिकार वापरता येतो. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय, शक्यतो 150 शब्दांत, आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. हा कायदा सरकारी आणि भरीव सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना लागू होतो. आपल्याकडची बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं विनाअनुदानित आहेत, त्यामुळे तिथे अर्ज थेट कॉलेजकडे टाकण्यापेक्षा विद्यापीठाकडे टाकावा आणि कॉलेजने पाठवलेल्या गुणनोंदीची प्रत मागावी. टेस्टचा पेपर त्यातून मिळणार नाही, पण तुमच्या नावापुढे काय पाठवलं गेलं ते कळेल.